उत्तर कळेल तेच विचारा
(परमुलखात बोलताना : लेखांक ४)

चेन्नईच्या एक बाई पवनीचे स्तूप पाहायला भंडारा जिल्ह्यात येणार आहेत, असं धरू. मराठी शून्य, हिंदी जेमतेम, हाती दोन आठवडे. पन्नास वाक्यं कोणती घ्यायची?

संभाषणाच्या पुस्तकांत पहिलं वाक्य बहुधा 'आपले नाव काय?' असतं. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर ते कुणाला विचारायचं? आपली पहिली कसोटी उत्तराची. 'पवनीला कसं जायचं?' हे पाठ करणं सोपं आहे, पण समोरचा भडाभडा सांगू लागला की बाई तिथंच अडकतात. 'ही गाडी पवनीला जाते का?' विचारलं, तर 'हो', 'नाही' किंवा फार तर 'अड्याळपर्यंत' एवढंच उत्तर येतं.

'परतीची शेवटची गाडी किती वाजता?' हा प्रश्न मात्र घ्यावाच लागतो, आणि खरी मेख त्याच्या उत्तरात आहे. 'पावणेसहा' ऐकलं की नवख्या कानाला 'सहा' तेवढं कळतं. बाई सहाला स्टँडवर येतात, तोवर गाडी गेलेली असते. म्हणून सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हे शब्द पन्नासांत हवेतच, आणि जोडीला 'लिहून दाखवा'. शंभरपर्यंतचे आकडे दोन आठवड्यांत होत नाहीत. दहा, वीस, पन्नास, शंभर एवढ्यावर भागवावं आणि देवनागरी अंक वाचायला शिकावेत.

दुसरी कसोटी व्याकरणाची. 'मी जातो', 'मी जाते' यात बोलणारा पुरुष की बाई ते पाहावं लागतं. 'मला पवनीला जायचं आहे' यात ती भानगडच नाही. 'उतरायचं आहे', 'जेवायचं आहे' याच साच्यातले. 'पाणी पाहिजे', 'तिखट नको' तसेच. नाम बदललं की नवं वाक्य तयार. आज्ञार्थ फक्त आदराचा घ्यावा: थांबा, सांगा, द्या. लहान पोराला 'थांबा' म्हटलं तर ते हसेल, पण म्हाताऱ्याला 'थांब' म्हटलेलं खपणार नाही.

पंधराएक जागा निव्वळ ऐकण्यासाठी राखाव्यात. इकडे पाण्याचं 'पानी' होतं, 'कुठं जाऊन राहिले जी?' अशी चौकशी होते. हे बोलायला शिकू नये, ओळखता आलं की पुरे.

उरलेली वाक्यं क्वचित लागणारी, पण वेळेला दुसरं काहीच चालणार नाही अशी. 'साप चावला', 'दवाखान्यात न्या', 'या औषधाची मला ॲलर्जी आहे'. १०८ला फोन लागला तरी 'मी कुठे आहे' ते सांगता येणार नाही, म्हणून 'तुम्ही बोला' म्हणत फोन शेजाऱ्याच्या हाती द्यायचा.

रोज पाच याप्रमाणे दहा दिवसांत पन्नास होतात. उरलेल्या चार दिवसांत नवीन काही घेऊ नये. कुणाकडून तरी उत्तरं भरभर म्हणवून घ्यावीत आणि ऐकलेली वेळ कागदावर अंकांत लिहावी. 'पावणेसहा'ला ५:४५ उमटलं, की तो शब्द बसला.