बटण गेलं कुठे?

लिफ्टची किंवा वॉटर प्युरिफायरची एएमसी आपण भरतो, कारण दोर झिजतो, फिल्टर तुंबतो हे डोळ्यांना दिसतं. मोबाइल ॲपमध्ये झिजण्यासारखं काहीच नाही. त्यामुळे ॲप सुरू झाल्यावर आम्ही पाठवतो ते देखभाल-कराराचं पत्र ग्राहकाला हमखास खटकतं. घरपोच दूध देणाऱ्या एका डेअरीचे मालक मला फोनवर म्हणाले होते, “अहो, सगळं तर चालतंय. मग वर्षाचे पैसे कशाचे?”

त्यांच्याच ॲपची गोष्ट सांगतो. उद्या दूध नको असेल तर गिऱ्हाइकानं रात्री दहापर्यंत स्क्रीनच्या तळाशी असलेलं ‘उद्या सुट्टी’ हे बटण दाबायचं. वर्षभर काही तक्रार नव्हती. पण 31 ऑगस्ट 2025 पासून गुगल प्ले स्टोअरचा नियम बदलला: नवं ॲप किंवा जुन्याची सुधारित प्रत चढवायची, तर ती अँड्रॉइड 15 साठी बांधलेली हवी. आम्हाला पैसे भरण्याची एक नवी सोय द्यायची होती, म्हणून एका ओळीतला 34 चा आकडा बदलला:

```
targetSdk = 35
```

आठवड्याभरात डेअरीत फोन सुरू झाले. “सुट्टी टाकली तरी दूध येतंय.” गंमत म्हणजे एकीच्या फोनवर बटण चालायचं, शेजारणीच्या फोनवर नाही. तक्रारी अशा फोनच्या आवृत्तीनुसार वाटल्या जाऊ लागल्या, की दोष बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या बदलातून आलेला असतो. इथेही तसंच होतं. हा आकडा 35 केलेलं ॲप अँड्रॉइड 15 च्या फोनवर पूर्ण स्क्रीनभर पसरतं, अगदी तळाच्या तीन बटणांच्या पट्टीखालीसुद्धा. पूर्वी ती जागा सिस्टिम स्वतः सोडायची, आता ती ॲपनं सोडायची. आमचं बटण त्या पट्टीमागे अर्धं दडलं होतं. अंगठा ‘उद्या सुट्टी’वर जायचा आणि दाबलं जायचं ‘होम’. अँड्रॉइड 14 च्या फोनवर मात्र काहीच बदललं नव्हतं.

मग ही दुरुस्ती कुणाच्या खिशातून? नेमकं याचसाठी ते पत्र असतं. आमच्या पत्रात दोषाची व्याख्या अशी आहे: “मान्य केलेल्या कामाच्या यादीत जे लिहिलं आहे, त्याहून ॲप वेगळं वागलं तर तो दोष. पहिले 90 दिवस तो विनामूल्य दुरुस्त होईल, त्यानंतर वार्षिक शुल्कात.” सुट्टीच्या बटणाशेजारी ‘अर्धा लिटर जादा’ असं बटण हवं असेल, तर ते नवं काम; त्याचा दर वेगळा. आणि बाहेरच्या बदलासाठी स्वतंत्र कलम: “अँड्रॉइड व आयओएस यांच्या वर्षातल्या प्रत्येकी एका मुख्य आवृत्तीशी ॲप जुळवून दिलं जाईल, मर्यादा एकूण 40 तास.”

डेअरीचं काम या तिसऱ्या कलमात बसलं. पण तीन बटणांच्या फोनवर आम्ही चाचणीच घेतली नव्हती. ही चूक आमची, म्हणून ते तास आम्ही चाळीसांत धरले नाहीत.

या कलमात महिन्याचं नाव घालू नये, असं माझं मत आहे. ॲपल नवी आयओएस जूनमध्ये दाखवतं आणि साधारण सप्टेंबरमध्ये देतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये चाचणी-आवृत्तीवर तयारी करता येते. अँड्रॉइडचा महिना मात्र पक्का नाही: 14 वी आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये आली, 16 वी जून 2025 मध्ये. म्हणून आम्ही “आवृत्ती सर्वांसाठी खुली झाल्यापासून 30 दिवसांत” असं लिहितो. तासांची मर्यादाही हवीच. कधी चार तासांत भागतं. कधी ॲपमधला दुसऱ्या कुणी लिहिलेला एखादा तयार भाग नव्या आवृत्तीवर चालत नाही, आणि तो बदलण्यात पंधरवडा जातो.

आणखी एक वाक्य नीट वाचावं लागतं. “चार तासांत प्रतिसाद” म्हणजे चार तासांत दुरुस्ती नव्हे. तेवढ्या वेळात कुणीतरी तक्रार पाहील आणि उत्तर देईल, इतकीच ती हमी.

करार केलाच नाही तर? ॲप दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. ज्यांच्या फोनमध्ये ते आहे त्यांच्याकडे बहुतेक वेळा चालत राहतं. पण तो आकडा फार मागे पडला, की प्ले स्टोअर नव्या अँड्रॉइडचा फोन असलेल्या नव्या गिऱ्हाइकाला ते दाखवतच नाही. ॲपलकडे वर्षाचे 99 डॉलर भरायचे राहिले तर ॲप स्टोअरवरून उतरतं. ते शुल्क देखभालीच्या रकमेत धरलं आहे की वेगळं, हेही पत्रात असायला हवं.

असं पत्र तुमच्या हाती आलं आणि त्यात नुसतंच “अपडेट समाविष्ट” लिहिलेलं असेल, तर सही करण्याआधी कोणत्या आवृत्तीचं आणि किती तासांचं, एवढं लिहून मागा.