गळ्यातल्या नळीची रोजची नोंद

पक्षाघातानंतर घरी आणलेल्या एका आजोबांची कल्पना करा. गळ्यात ट्रॅकिओस्टोमीची नळी आहे. रात्रीची आया डायरीत लिहिते, मुलगा व्हॉट्सॲपवर कळवतो, सून कॅलेंडरच्या कोपऱ्यात. सकाळी सहाला ‘बेडका पातळ, पांढरा’, दहाला ‘चिकट’, दुपारी दोनला ‘सक्शनची नळी अडकत होती’, पाचला पुन्हा ‘अडकली’. सुटी वाचली तर एकही नोंद घाबरवणारी नाही. वेळेच्या क्रमाने एकाखाली एक मांडली, की आतली नळी सुकलेल्या बेडक्याने बुजत चालली आहे हे दिसते. नाकातून जाणारी हवा ओलसर, उबदार होते. गळ्यातून थेट शिरणारी हवा तशी नसते, म्हणून बेडका वाळतो. अशा वेळी आतली नळी काढून तपासायची, धुवायची आणि हवेला ओलावा कमी पडतो आहे का ते पाहायचे. ती काढूनही सक्शनची नळी आत जात नसेल किंवा ऑक्सिजन उतरत असेल, तर ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवायची.

म्हणून सक्शनच्या रकान्यात नुसते ‘केले’ लिहून भागत नाही. वेळ, बेडक्याचा रंग, दाटपणा, अंदाजे प्रमाण, वास, रक्त दिसले का आणि नळी सहज गेली का, एवढे हवेच.

‘नळी बदलली’ हे वाक्य मला सर्वांत धोक्याचे वाटते. आतली नळी रोज काढून धुतली जाते. संपूर्ण नळी डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स बदलतात, आतली नळी असलेल्या प्रकारात साधारण महिन्याच्या आत. दोन्ही एकाच रकान्यात गेले, तर पूर्ण बदल कधी झाला हेच हरवते. त्याला वेगळी ओळ द्या: तारीख, नळीचा आकार, कोणी बदलली, त्रास झाला का.

आमच्याकडे ‘कफ’ म्हणजे बेडकाही आणि नळीभोवतीचा फुगाही. वहीत ‘फुगा’ असेच लिहावे. त्याचा दाब दाबमापकावर साधारण २० ते ३० सेंटिमीटर पाणी इतका ठेवतात. जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो, कमी झाला तर लाळ खाली फुप्फुसात झिरपते. तपासताना सापडलेला आणि हवा भरल्यावरचा, असे दोन्ही आकडे लिहा. सकाळी १६ सापडला, २५ केला. रात्री पुन्हा १५ सापडला, २५ केला. नुसते ‘२५’ लिहिले असते तर सगळे ठीक वाटले असते. इथे फुगा किंवा त्याची झडप गळत असावी, आणि ते डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायला हवे.

जुन्या चिठ्ठ्या वहीत उतरवताना रिकामी जागा आठवणीने भरू नका. दुपारी दाब तपासल्याची चिठ्ठी नसेल, तर तिथे ‘नोंद नाही’ असेच लिहा. ‘नॉर्मल’ लिहिले तर न झालेली तपासणी झाली असे डॉक्टर धरून चालतील.