५१ नगांच्या सेटमध्ये जेवायला काय मिळतं?

ऑनलाइन यादीत ‘५१ नग, ६ जणांसाठी’ असं वाचलं की डोळ्यांपुढे भांड्यांची उतरंड येते. पण मोजून पाहा. ६ ताटं, ६ ताटल्या, १२ वाट्या, ६ पेले झाले ३०. मग तीन प्रकारचे १८ चमचे, एक डाव, एक पातेलं, आणि पातेल्याचं झाकणसुद्धा वेगळा नग! वरण-भाजी वाढायला भांडं एकच. म्हणून मी आधी चमचे आणि झाकणं वजा करते.

वाटीची क्षमता बहुधा काठोकाठ भरून मोजलेली असते. २०० मिलीच्या वाटीत न सांडता आमटी मावते साधारण १५०.

खरी गोष्ट वजन सांगतं. ३० सेंटिमीटर व्यासाच्या, अर्धा मिलिमीटर जाडीच्या ताटाचा नुसता तळच सुमारे २८० ग्रॅम भरतो, काठ वेगळा. काठासकट ताट २०० ग्रॅमचं असेल तर पत्रा पातळ; तो लवकर पोचे घेणार. मात्र सेटचं एकूण वजन खोक्यासकट आहे का, हे विचारा.

डिशवॉशरसाठी ३०४ दर्जाचं स्टील चांगलं, त्यात निकेल सुमारे ८ टक्के असतं. २०२ मध्ये ते कमी, म्हणून मीठ आणि ओल राहिली की तांबूस ठिपके लवकर येतात. लोहचुंबकाने हा फरक कळत नाही, कारण दोन्हींना तो सहसा चिकटत नाही; दर्जा लेखी मागावा. तांब्याचा तळ किंवा सोनेरी मुलामा असेल, तर हातानेच घासा.