मंजुरीत अडकलेले सोळा तास

तासांवर पगार मिळणाऱ्या इंजिनिअरने प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ तास भरले, म्हणून ते लगेच पगाराला पात्र ठरत नाहीत. नोंद आधी कच्ची असते, मग ती मंजुरीसाठी जाते आणि मॅनेजर ती मंजूर करतो किंवा परत पाठवतो. पगाराच्या सॉफ्टवेअरकडे फक्त मंजूर तास जायला हवेत. खरी अडचण महिनाअखेरीला येते, कारण टाइमशीट आठवड्याची असते आणि पगार महिन्याचा.

जून 2026चे उदाहरण घेऊ. महिना सोमवारी सुरू होतो. 28 तारखेपर्यंतचे चार आठवडे, म्हणजे 160 तास मंजूर झाले. ताशी 600 रुपयांनी त्यांचे 96,000 होतात. 29 आणि 30 जूनचे सोळा तास मात्र 5 जुलैला संपणाऱ्या आठवड्यात आहेत. तो आठवडा मंजूर होणार 6 जुलैला आणि पगाराचा हिशेब बंद होणार 2 जुलैला. मग 9,600 रुपये मागे राहतात.

ते पुढच्या महिन्यात थकबाकी म्हणून देऊ, असे अनेक कार्यालयांत म्हणतात. मला ते पटत नाही. वेतन संहिता 2019 नुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. मॅनेजरची सही राहिली, याचा भुर्दंड कर्मचाऱ्याने का सोसावा? उपाय सोपा आहे: महिना जिथे संपतो तिथे टाइमशीट तोडावी आणि ते दोन दिवस 1 जुलैलाच वेगळे मंजूर करून घ्यावेत. तरीही जे तास अडकतील, त्यांची यादी हिशेब बंद होण्यापूर्वी मॅनेजरच्या हाती पडली पाहिजे.

दुसरा घोळ पैसे गेल्यानंतर होतो. समजा, मॅनेजरने जुलैत 18 जूनची नोंद पुन्हा उघडली आणि आठाचे सहा तास करून मंजूर केले. आता ‘जूनचे सगळे मंजूर तास’ असे मागवून पाठवले, तर अख्खा जून दुसऱ्यांदा पगारात चढेल. म्हणून प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक हवा आणि तिचे किती तास आधीच पाठवले, हेही लिहिलेले हवे. तसे असले की जुलैच्या हिशेबात फक्त वजा दोन तास, म्हणजे 1,200 रुपयांची दुरुस्ती जाते. मंजुरीची स्थितीही पाठवण्याच्या क्षणी पुन्हा तपासावी. सकाळी काढलेल्या यादीतली नोंद दुपारपर्यंत परत गेलेली असू शकते.

घोळ झाला की नाही, हे एका बेरजेने कळते. पगारात गेलेले तास आणि अडकलेले तास मिळून प्रोजेक्टमध्ये भरलेल्या एकूण तासांएवढे भरायला हवेत. इथे 160 आणि 16 मिळून 176 होतात.

तुमचा पगार तासांवर ठरत असेल, तर या महिन्याच्या पगारपत्रकावरचे तास तुमच्या मंजूर टाइमशीटशी ताडून पाहा आणि फरक दिसला तर लेखी विचारा.