परीक्षणात कथा किती, मत किती?

परीक्षणाचा मसुदा तपासताना कथानकाच्या वाक्यांखाली निळी आणि मतांखाली लाल रेघ ओढावी. समजा, भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीवरील मसुद्यात पांडुरंग सांगवीकरचे पुण्यातील शिक्षण, बहीण मनीचा मृत्यू आणि गावी परतणे हे सारे निळ्या रेघांत आले व शेवटी ‘कादंबरी हृदयस्पर्शी आहे’ एवढेच लाल उरले, तर तो सारांश झाला, परीक्षण नव्हे. अशा वेळी मनीचा प्रसंग ठेवून त्याला कारण जोडावे: एरवी थट्टेखोर असलेल्या निवेदकाचा सूर येथे मोडतो, म्हणून दुःख खरे वाटते. ज्या प्रसंगावर एकही मत उभे नाही, तो गाळावा. मात्र नायक कोण, हे कळण्यापुरती कथा राहू द्यावी.