एका थेंबाचा हिशेब

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत चालते. ते मोजणाऱ्या यंत्राला आधी नेमके तेवढेच फ्लोराइड असलेले प्रमाण द्रावण दाखवावे लागते. मूळ द्रावण असते लिटरला 1000 मिलिग्रॅमचे. त्यातले 10 मिली पिपेटने 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्यायचे, खुणेपर्यंत शुद्ध पाणी भरायचे, फ्लास्क अनेकदा उलटासुलटा करायचा. हे तीनदा केले की 1 मिलिग्रॅम हाती येते.

अ वर्गाच्या 10 मिली पिपेटमध्ये 0.02 मिलीची चूक चालते, म्हणजे 0.2 टक्के. फ्लास्कमध्ये 0.1 मिली, म्हणजे 0.1 टक्का. स्वतंत्र चुकांची सरळ बेरीज करत नाहीत. वर्ग करून मिळवतात आणि वर्गमूळ काढतात. एका पायरीला 0.22 आणि तिन्ही पायऱ्यांना मिळून सुमारे 0.39 टक्के.

पण इथे एक मेख आहे, आणि ती बऱ्याचदा नजरेआड होते. तिन्ही वेळा तीच पिपेट वापरली, तर तिची चूक दर वेळी एकाच दिशेने जाते. मग ती सरळ मिळवावी लागते: 0.6 टक्के. फ्लास्क वेगवेगळे धरले तरी एकूण 0.62 होते.

पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकून पाडला, तर हा सगळा हिशेबच कोलमडतो. तो थेंब 0.05 मिलीचा असला तरी एका पायरीत अर्धा टक्का वाढतो. पिपेटवर शंका असेल, तर तिने सोडलेले पाणी तराजूवर तोलून, तापमानाची दुरुस्ती करून पाहावे.