‘कोणाचो झील रे तू?’

आमच्या मालवण किनाऱ्यावर ‘जय भीम’ म्हणताच वडीलधारे विचारतात, ‘कोणाचो झील रे तू?’ त्यांना आधी वडिलांचे नाव आणि वाडी हवी असते. आपले नाव त्यानंतर. उत्तरही त्याच क्रमाने द्यावे.

कार्यालयात मात्र ‘आपण कोण?’ याचे उत्तर निराळे: ‘मी सुमेध. कृषी पदविका झाली आहे. अर्ज देण्यास आलो आहे.’ एवढे पुरते. तरीही कोणी वाडीच विचारत राहिला, तर हेतू ओळखावा. कोकणात ‘कर’ लागलेले आडनाव बहुधा गावच सांगते. जात कळत असे ती वाडीच्या नावावरून. अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने 2020 मध्ये घेतला. अशा वेळी आम्ही नम्रपणे अर्जाकडेच वळतो.